साजातली पानं मोजा, सावल्या जुळवा: एआयने एडिट केलेला लग्नाचा फोटो कसा तपासावा

एडिट केलेल्या फोटोतली चूक शोधायला बसलं, की बहुतेक जण तोच फोटो मोठा करतात आणि डोळे फाडून बघत राहतात. त्यातून फार काही हाती लागत नाही. एआयची साधनं जे रंगवतात ते दिसायला पटण्यासारखंच असतं. दात पांढरेशुभ्र असतात, कानातलं चमकत असतं, साडीचा काठही भरजरी असतो. चूक असते ती हिशेबात: जिथे एक दात पडलेला होता तिथे तो उगवलेला असतो, कुडीच्या जागी झुमका आलेला असतो. नुसत्या देखणेपणाकडे बघणाऱ्या डोळ्याला हे खटकत नाही, म्हणून तपासणीची सुरुवात मोजणीपासून करायची.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ, कोल्हापुरातल्या कुठल्याही स्टुडिओत येईल असं. माघातलं लग्न, कार्यालयाचं मोकळं आवार, दुपारचे साडेचार, आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूने येणारं ऊन. फोटोत सात जण आहेत: नवरा, नवरी, दोघांच्या आया, नवरीची आत्या, करवली आणि सात वर्षांची भाची. घरच्यांच्या मागण्या तीन. मागचा फ्लेक्स काढायचा, आत्याचे मिटलेले डोळे उघडायचे, आणि तब्येतीमुळे येऊ न शकलेल्या आजोबांना रांगेच्या उजव्या टोकाला खुर्चीत बसवायचं. आजोबांचा घरी काढलेला फोटो दिलेला आहे.

एडिटिंगच्या आधीची यादी

मूळ फोटो उघडा आणि कागदावर माणसामाणसागणिक नोंद करा. हसताना कोणाचे किती दात दिसतात, त्यात फट किंवा वाकडा दात आहे का. कानात काय आहे, दोन्ही कान दिसतात की एकच. नथ कोणाला आहे. गळ्यात काय काय आणि कुठल्या क्रमाने. कुठल्या हातात किती बांगड्या. चष्मा, घड्याळ, अंगठ्या, गोंदण, तीळ. शेवटी सावली कुठे पडते. सात जणांच्या फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एडिट केलेला फोटो समोर आल्यावर ही यादी करण्यात अर्थ नाही, कारण तोवर नजर नव्या चित्राला सरावलेली असते आणि दिसतं तेच खरं वाटू लागतं.

आमच्या भाचीपुढे लिहिलं होतं: ‘वरचा पुढचा डावा दात पडलेला, शेजारी नवा दात अर्धा आलेला.’ नवरीच्या आईपुढे: ‘दोन्ही कानांत मोत्यांच्या कुड्या, डाव्या कानाला वेल, केसांत अडकवलेला.’ नवरीपुढे: ‘पणजीचा साज, पूर्ण २१ पानांचा, खालची पानं पदराने झाकलेली, दिसतात तेरा.’ हा शेवटचा आकडाच पुढे उपयोगी पडला.

पहिली पायरी: साधनाने नेमकं कुठे हात लावला ते काढा

एआयने एडिट करायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत आपण भाग निवडतो आणि साधन तेवढाच भाग नव्याने भरतं. दुसरीत आपण वाक्यात सूचना देतो, ‘फ्लेक्स काढ, डोळे उघड’, आणि साधन बऱ्याचदा अख्खा फोटो नव्याने रंगवून परत देतं. दुसऱ्या पद्धतीत फोटो तोच वाटतो, पण ज्यांना हात लावायला सांगितलं नव्हतं असे चेहरे आणि दागिनेही पुन्हा काढलेले असतात. बहुतेक विचित्र चुका इथूनच येतात. फ्लेक्स काढायला सांगितला, म्हणून आपली नजर फ्लेक्सच्या जागेवर. आणि बदललेली असते ती चार फुटांवर उभ्या असलेल्या आईची कुडी.

हे पकडायला नजरेपेक्षा वजाबाकी बरी. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मूळ फोटो खालच्या लेयरवर आणि एडिट केलेला वरच्या लेयरवर ठेवा, आणि वरच्या लेयरचा मोड Difference करा. जिथे दोन्ही फोटो सारखे आहेत तिथे काळं दिसेल, जिथे फरक आहे तिथे उजेड. फरक पुसट असेल तर वर Levels लावून पांढरं टोक डावीकडे सरकवा. ज्यांना कमांड चालवायची सवय आहे त्यांच्यासाठी इमेजमॅजिकची एक ओळ पुरते:

```
magick compare -fuzz 5% mul.png edit.png farak.png
```

यात बदललेला भाग लाल रंगात उठून दिसतो. मात्र दोन्ही फोटो एकाच मापाचे आणि तंतोतंत एकावर एक बसलेले हवेत. साधनाने फोटो लहान करून परत दिला असेल तर आधी तो मूळ मापाला आणा. प्रत्येक वस्तूच्या कडेने बारीक उजळ रेघ दिसू लागली, तर ती चूक नव्हे, फोटो एखाद-दोन पिक्सेल सरकलेला आहे. सगळीकडे बारीक कचकच दिसली तर ती जेपीजी पुन्हा सेव्ह केल्याची. आपल्याला हवेत ते ठळक डाग.

आमच्या फोटोत फ्लेक्सची जागा, आत्याचे डोळे आणि आजोबा उजळून निघाले, ते अपेक्षितच. शिवाय भाचीचं तोंड, आईचा उजवा कान आणि नवरीचा गळाही उजळला. या तिन्ही जागांबद्दल कोणी काहीच मागितलं नव्हतं.

त्यावरचा उपायही इथेच सांगतो. न मागितलेला बदल दिसला की तो पुन्हा एआयकडून दुरुस्त करून घेत बसू नका. वरच्या लेयरला मास्क लावा आणि त्या जागी काळ्या ब्रशने खालचा मूळ फोटो उघडा करा. खरा दात आणि खरी कुडी खाली आहेतच. निम्म्याहून अधिक चुका अशाच मिटतात. पुढच्या पायऱ्या उरलेल्या भागासाठी, म्हणजे जिथे नवं काही बनवणं भागच होतं तिथल्या. आणि ज्यांच्याकडे मूळ फोटोच नाही त्यांच्यासाठी.

दात

फोटो दुप्पट मोठा करा आणि मधल्या रेषेपासून सुरुवात करा. नाकाखालच्या खोबणीच्या साधारण खाली वरच्या दोन मोठ्या दातांमधली फट यायला हवी. एआयच्या हास्यात कितीदा तरी बरोबर मध्यावर फट नसतेच, तिथे एक अख्खा दात असतो. मग दोन्ही बाजूंना मोजत जा: आधी मोठा पुढचा दात, त्याच्या शेजारी अरुंद दात, मग टोकदार सुळा. एका बाजूला सुळ्याआधी दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन दात भरले, किंवा सगळे दात एकाच रुंदीचे पेटीच्या पट्ट्यांसारखे दिसले, तर ते काढलेले आहेत असं समजा. खालच्या ओळीत पुढचे चार दात बारीक असतात. तिथे वरच्याएवढे रुंद दात दिसले तर तेही चुकलेलं.

मोठ्या माणसाच्या तोंडात अक्कलदाढा धरून ३२ दात असतात, पण फोटोत त्यातले मोजकेच दिसतात. त्यामुळे ‘इतके दिसायलाच हवेत’ असा आकडा देता येत नाही. रुंदीचा क्रम आणि डाव्या-उजव्या बाजूचा मेळ हीच खरी कसोटी.

लहान मुलांकडे जास्त लक्ष द्या. दुधाचे दात २० असतात आणि सहाव्या वर्षाच्या आसपास ते पडायला लागतात. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडात फट असणं ही त्या वयाची खूणच. साधनाला ती फट ‘दोष’ वाटते आणि ते तिथे गुपचूप मोठ्या माणसाचा दात बसवतं. आमच्या भाचीचं नेमकं हेच झालं होतं. फोटो दिसत होता गोड, पण पोरगी बारा वर्षांची वाटत होती.

उलट बाजूही लक्षात असू द्या. एखाद्या काकांचा एक दात दुसऱ्यावर चढलेला असेल, तर तो खरा आहे. विचित्र दिसतो म्हणून सरळ करायला जाऊ नका. घरचे माणसाला त्याच्या वाकड्या दातानेच ओळखतात. मूळ फोटो आणि आपली यादी बघितल्याशिवाय कुठल्याच विचित्रपणाला चूक म्हणायचं नाही.

कान, नाक, गळा

कानातलं तपासताना दोन कान एकमेकांशी ताडून बघायचे, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम होतं. कारण दोन्ही कानांतलं एकसारखंच पण दोन्हीकडे चुकीचं, असंही होतं. म्हणून आधी प्रत्येक कान मूळ फोटोशी ताडा, मग एकमेकांशी. कुडी असेल तर मोती मोजा. वेल असेल तर त्याचा माग काढा: कानातून निघून केसांत अडकेपर्यंत तो सलग हवा. साधन वेल मध्येच केसांत विरघळवून टाकतं, किंवा त्याची एक बट करून टाकतं. बुगडी कानाच्या वरच्या पाळीला असते. ती खाली घसरली असेल, किंवा कुडीलाच चिकटली असेल, तर साधनाला दोन दागिने वेगळे कळलेले नाहीत.

चेहरा तिरका असेल तर पलीकडचं कानातलं लहान आणि अर्धवट दिसणं बरोबर आहे. ते जवळच्याइतकंच मोठं आणि समोरून काढल्यासारखं दिसलं, तर संशय घ्या.

नथ आपल्याकडे डाव्या नाकपुडीत घालतात, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. ती उलट बाजूला दिसली तर फोटोच उलटवलेला असण्याची शक्यता जास्त. मग डाव्या खांद्यावरचा पदरही उजवीकडे गेलेला सापडेल. पदर जागेवर असून फक्त नथ हलली असेल, तर ती नव्याने काढलेली आहे.

आणि आता साज. कोल्हापुरात या एका दागिन्यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा थोडा. जुन्या घडणीच्या साजात २१ पानं असतात, आणि प्रत्येक पानाचा आकार वेगळा. विष्णूचे दहा अवतार, अष्टमंगल, माणिक-पाचूची दोन, आणि ताईत, असा त्याचा हिशेब सांगतात. हल्ली दहा-बारा पानांचेही साज करतात. साधनाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसते ती ‘सोन्याची पदकं ओवलेली माळ’. मग ते एकच पान पुन्हा पुन्हा छापतं, मत्स्य आणि कूर्म मिळून एक गोळा करतं, मधले जवमणी गाळतं. आमच्या फोटोत तेराची अकरा पानं झाली होती, आणि त्यातली पाच हुबेहूब एकसारखी होती.

गुजरीच्या सराफ बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच दिसेल, पण त्याच्याही आधी दिसेल नवरीच्या आजीला. “दादा, ह्यो साज आमचा न्हवं. आमच्यात मासा हाय, ह्यात कुठं हाय?” असं कोणी आजी काउंटरवर विचारू लागली, तर तिला रेझोल्यूशनचं कारण सांगून भागत नाही. म्हणून वारशाचे दागिने एआयकडून बनवून घ्यायचेच नाहीत, हे माझं ठाम मत. मूळ फोटोतून ते जसेच्या तसे परत आणा. मूळ फोटोत साज धूसर असेल तर धूसरच ठेवा, किंवा त्याच दिवसाच्या दुसऱ्या फ्रेममधून घ्या.

डोळ्यांनाही हाच न्याय. आत्याचे डोळे साधनाने उघडले होते खरे, पण त्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका उजव्या बाजूला होता, आणि शेजारच्या सगळ्यांच्या डोळ्यांत डाव्या. दोन्ही डोळ्यांतले ठिपके एकाच बाजूला आहेत का आणि शेजाऱ्यांशी जुळतात का, एवढं बघितलं तरी बनवलेले डोळे सापडतात. फोटोग्राफरने लागोपाठ चार-पाच फ्रेम घेतलेल्या असतात. त्यातल्या एकीत आत्याचे स्वतःचे डोळे उघडे होते, तेच बसवले.

सावल्या

आजोबांच्या बाबतीत खरी कसरत इथे होती. सावली तपासताना तीन प्रश्न विचारायचे: आहे का, दिशा बरोबर आहे का, आणि ती ज्यावर पडायला हवी त्यावर पडली आहे का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

पहिल्याचं उत्तर पायापाशी असतं. चप्पल जमिनीला टेकते तिथे, खुर्चीच्या प्रत्येक पायाखाली, बारीक गडद रेघ असायला हवी. ती ढगाळ हवेतही असते, कारण टेकलेल्या जागी उजेड पोचतच नाही. आजोबांची कोल्हापुरी चप्पल आणि खुर्चीचे पाय जमिनीवर तरंगत होते.

दिशेसाठी एका रिकाम्या लेयरवर सरळ रेघा ओढा. एका माणसाच्या डोक्याच्या टोकापासून त्याच्या सावलीतल्या डोक्याच्या टोकापर्यंत एक रेघ, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. ऊन एकच असेल तर या सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळतात, आणि सूर्य अगदी बाजूला असेल तर एकमेकींना समांतर राहतात. नव्याने बसवलेल्या माणसाची रेघ भलतीकडे गेली, तर त्याची सावली चुकीची. रात्रीच्या रिसेप्शनला ही कसोटी लावू नका. तिथे व्हिडिओवाल्यांचे दोन-तीन दिवे असतात आणि एका माणसाच्या दोन-तीन फिकट सावल्या पडतात. तिथे फक्त शेजाऱ्याशी तुलना करा: त्याला दोन सावल्या असतील तर यालाही दोन हव्यात.

आता तिसरा प्रश्न. माघात साडेचारला कोल्हापुरात सूर्य बराच खाली आलेला असतो, आणि सपाट जमिनीवर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट पडते. म्हणजे दर एक फुटाला सावलीची वरची कड अर्धा फूट खाली उतरते. ऊन डावीकडून आहे आणि आजोबा उजव्या टोकाला, विहीणबाईंपासून, म्हणजे नवरीच्या आईपासून, दोन फुटांवर. पाच फूट उंचीच्या विहीणबाईंची सावली दोन फुटांवर चार फूट उंच असणार. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकंही साधारण तेवढ्याच उंचीवर येतं. म्हणजे आजोबा जवळजवळ पूर्ण सावलीत असायला हवे होते, आणि ते तर लख्ख उन्हात बसल्यासारखे चमकत होते. बघणाऱ्याला हे गणित करता येणार नाही, पण ‘चिकटवलेला फोटो’ हे त्याला लगेच जाणवतं.

उपाय म्हणून आजोबांना डाव्या टोकाला, उन्हाच्या बाजूला नेलं. आता त्यांच्यावर ऊन पडणं योग्य ठरलं. त्यांची सावली मात्र शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या आईच्या साडीवर साधारण तीन फुटांपर्यंत, म्हणजे कमरेपर्यंत, चढायला हवी. ती रंगवायची तर साडीचा पोत दिसत राहील इतकी हलकी रंगवा, आणि काळ्या रंगाने नाही, त्याच साडीच्या गडद छटेने. घरातला फोटो खिडकीच्या मऊ उजेडातला, सुदैवाने तोही डावीकडूनच आलेला. उजेड उजवीकडून असता तर आजोबांना उलटवण्याचा मोह झाला असता, आणि मग सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर गेला असता.

काढून टाकलेल्या वस्तूंचंही बघा. फ्लेक्स गेला, पण त्याच्या बांबूची लांब सावली जमिनीवर तशीच होती. रंकाळ्यावरच्या प्री-वेडिंग फोटोंत हेच पाण्यात होतं: काठावरून माणूस पुसला जातो आणि त्याचं प्रतिबिंब पाण्यात उभंच राहतं. तिथे जाता जाता मागची वास्तूही मूळ फोटोशी ताडा. शालिनी पॅलेसच्या कमानी आणि संध्यामठाचे खांब साधन आपल्या मनाने वाढवतं किंवा कमी करतं, आणि कोल्हापूरकराच्या नजरेतून ते सुटत नाही.

बाकीचं चटकन

बोटं मोजा, पण मुख्यतः जिथे दोघांचे हात एकमेकांत आहेत तिथे. हिरव्या बांगड्या मनगटाभोवती पूर्ण फिरतात की कातडीत घुसतात ते बघा. मुंडावळ्यांची प्रत्येक सर कपाळापासून शेवटपर्यंत नजरेने उतरा. साडीचा काठ निरीमागे गेल्यावर पलीकडे त्याच रुंदीचा आणि त्याच नक्षीचा बाहेर यायला हवा. पाटीवरची किंवा पत्रिकेवरची देवनागरी अक्षरं वाचून बघा. लांबून अक्षरं वाटतात आणि जवळून नुसत्या शिरोरेषेला लटकलेल्या आकृत्या असतात. असली अक्षरं दुरुस्त करू नका, मूळ फोटोतली परत आणा किंवा पूर्ण काढा.

मग फोटो आडवा उलटवून एकदा बघा. नजरेची सवय मोडते आणि वाकडा जबडा किंवा खालीवर झालेले डोळे समोर येतात. बघून झाल्यावर परत सरळ करायला विसरू नका.

शेवटची तपासणी कागदावर. मोबाइलवर सात जणांच्या फोटोत एक दात दिसतही नाही. पण करिझ्मा अल्बमचं पान उघडलं की १२×३६ इंच असतं, आणि ३०० डीपीआयला त्याची उंचीच ३,६०० पिक्सेल होते. अख्खं पान छापण्याआधी चेहरे आणि गळ्यांचा भाग खऱ्या मापात कापून एका लहान कागदावर छापा. एआयने भरलेला तुकडा इथे आणखी एका प्रकारे उघडा पडतो: भोवतालच्या फोटोला कॅमेऱ्याचा बारीक रवाळपणा असतो आणि तो तुकडा गुळगुळीत असतो. तिथे तेवढाच रवाळपणा घालावा लागतो.

ही छापील प्रत एडिट करणाऱ्याने तपासू नये. त्याने तो फोटो दोन तास बघितलेला असतो. दुकानातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात प्रत आणि सुरुवातीची यादी द्या आणि एकेका नावापुढे खूण करायला सांगा. एक जरी दुरुस्ती साधनाकडून पुन्हा करून घेतली, तरी वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून करा, कारण दुसऱ्या फेरीत आधी बरोबर असलेला कान बिघडू शकतो.

आजोबांच्या जुन्या, फाटक्या, बुरशी आलेल्या फोटोंना मात्र ही पद्धत पुरत नाही. जिथे कागदच उडालेला आहे तिथे ताडून बघायला मूळ काही उरलेलंच नसतं. दातांचा क्रम आणि उजेडाची दिशा तपासता येते, पण डावा कान टोचलेला होता की नाही हे फोटो सांगणार नाही. अशा वेळी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. त्यांनाही आठवत नसेल तर तेवढा भाग न भरता साधा, अंधुक ठेवा, आणि प्रत देताना कुठला भाग नव्याने भरलेला आहे ते पाकिटावर लिहून द्या.